‘सात दिवसांच्या आत’ म्हणजे नक्की कोणत्या दिवसापर्यंत?

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिल महिन्यात, एक ताई आमच्या कार्यालयात आल्या. एका इस्पितळात आयाचे काम करणाऱ्या. पहिली पाळी संपवून, लोकल बदलून, त्या थेट आल्या होत्या. हातात मोबाईलवर आलेल्या पावतीची छापील प्रत होती आणि तिच्या घड्या पडून पडून अक्षरे पुसट झाली होती. मी तेव्हा ऑनलाइन शिकवणी चालवणाऱ्या एका खाजगी संस्थेत हिशेबाचे काम करत होते. ताईंनी मला एकच प्रश्न विचारला, “मॅडम, तुमचे सात दिवस नक्की कुठून सुरू होतात?”

खरे सांगते, मला उत्तर देता आले नाही.

ताईंनी मुलीसाठी बँक परीक्षेच्या तयारीचा वर्ग घेतला होता. फी १४,५०० रुपये. भिशीचा नंबर लागला होता, ते पैसे. स्वतःचे कार्ड नव्हते म्हणून दिराच्या कार्डावरून २७ मार्च २०२५ ला, गुरुवारी, रक्कम भरली. बॅच १ एप्रिलला, मंगळवारी सुरू झाली. मुलीने दोन तास ऐकले. सगळे शिकवणे इंग्रजीतून! जाहिरातीत मात्र मराठी असे लिहिले होते. तिने ४ एप्रिलला, शुक्रवारी संध्याकाळी, पैसे परत मागण्याचा अर्ज पाठवला. आमच्याकडून उत्तर गेले, “मुदत संपली आहे.”

आमचा त्या वेळचा नियम असा होता: “विद्यार्थ्याने अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यापासून ७ दिवसांच्या आत, अवाजवी वापर केलेला नसल्यास, परताव्यासाठी अर्ज करता येईल. पात्र परतावे ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत प्रक्रियेत घेतले जातील.”

वाचायला किती सरळ वाटते! आता वाचकहो, बोटांवर मोजून पाहा. पैसे भरले तो दिवस पहिला धरला, तर सातवा दिवस येतो २ एप्रिल. भरल्याचा दिवस सोडला, तर ३ एप्रिल. बॅच सुरू झाली तो दिवस पहिला धरला, तर ७ एप्रिल, आणि तोही दिवस सोडला तर ८ एप्रिल. एकाच वाक्यातून चार तारखा निघाल्या. ताईंचा अर्ज ४ एप्रिलचा. दोन हिशेबांनी तो उशिराचा, दोन हिशेबांनी वेळेतला. कायदे वाचताना ‘अमुक दिवसापासून’ म्हटले की तो पहिला दिवस मोजायचा नाही, असा नियम १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये आहे. पण तो सरकारी कायद्यांच्या वाचनासाठी. शिकवणीच्या पावतीवर ‘प्रवेश घेणे’ म्हणजे पैसे भरणे की वर्गात बसणे, हे तो सांगत नाही. आमच्या टेबलावरच्या मुलाने पैसे भरल्यापासून मोजले, कारण संगणकावर त्याला तीच एक तारीख दिसत होती. त्यात लबाडी नव्हती. पण फटका ताईंनाच बसला.

ताईंनी जाहिरातीचा कागद दाखवला, वरिष्ठांनी तो पाहिला, आणि बॅच सुरू झाल्यापासून मोजून अर्ज मंजूर झाला. ९ एप्रिलला, बुधवारी, आम्ही बँकेकडे परताव्याचा आदेश पाठवला. ताईंना निरोप दिला, “सात कामकाजाच्या दिवसांत पैसे येतील.” त्यांनी साहजिकच हिशेब केला, की १६ तारखेपर्यंत येतील. घराजवळच्या एका मराठी वर्गात जागा होती, पण तिथे फी भरण्याची शेवटची तारीख १५ एप्रिल. एक-दोन दिवस थांबा म्हणून त्यांनी तिथल्या सरांना विनवून ठेवले.

आता त्या एप्रिलचे कॅलेंडर पाहा. १० एप्रिलला महावीर जयंती, बँक बंद. ११ ला शुक्रवार, हा पहिला दिवस. १२ ला दुसरा शनिवार, १३ ला रविवार. १४ एप्रिल, बाबासाहेबांची जयंती, सोमवारची सुट्टी. १५, १६, १७ हे दुसरा, तिसरा, चौथा दिवस. १८ ला गुड फ्रायडे. १९ ला तिसरा शनिवार, बँक चालू, म्हणून पाचवा दिवस. २० ला रविवार. २१ सहावा, २२ सातवा. जे ‘सात दिवस’ होते ते तेरा दिवस झाले! आणि शनिवार कामाचा दिवस नाही असे कोणी धरले, तर २३ तारीख येते.

पैसे २२ एप्रिलला जमा झाले, तेही दिराच्या खात्यात. कारण परतावा ज्या कार्डावरून किंवा खात्यातून रक्कम आली तिथेच परत जातो. दिराकडून ताईंच्या हातात आले २३ ला. तोवर मराठी वर्गातली जागा भरून गेली होती. मुलगी जूनच्या बॅचला गेली. दोन महिने वाया गेले.

या प्रकरणानंतर नियम पुन्हा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी पहिली गोष्ट केली ती ही, की ‘प्रक्रियेत घेतले जातील’ हे शब्द काढून टाकले. या शब्दांचा अर्थ फक्त एवढाच, की आम्ही कागद हातात घेऊ. वाचणाऱ्याला मात्र वाटते की पैसे मिळतील. परताव्याच्या वाटेवर दोन टप्पे असतात. पहिला संस्थेचा: अर्ज पाहणे, मंजूर करणे, बँकेला आदेश देणे. दुसरा बँकेचा: रक्कम खात्यात पोहोचवणे. कार्डाने भरलेल्या रकमेला दुसऱ्या टप्प्यात बहुधा ५ ते ७ कामाचे दिवस लागतात, यूपीआयने भरलेली सहसा त्याआधी येते. पहिल्या टप्प्याचे वचन संस्था देऊ शकते. दुसऱ्याचे देऊ शकत नाही, पण अंदाज सांगू शकते. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की उशीर कोणाकडे झाला हे कोणालाच कळत नाही. कधी संस्थेच्याच खात्यात त्या दिवशी पुरेशी शिल्लक नसते, आदेश अडकून पडतो, आणि फोनवर सांगितले जाते, “बँकेकडून उशीर आहे.”

नवा मजकूर असा झाला:

“पैसे भरल्याची तारीख आणि बॅच सुरू झाल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तो तुमचा पहिला दिवस. सातव्या दिवशी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत पाठवलेला अर्ज चालेल. रविवार व सुट्ट्या मोजण्यात धरल्या आहेत. उदाहरण: २७ मार्चला पैसे भरले, बॅच १ एप्रिलला सुरू झाली, तर शेवटचा दिवस ७ एप्रिल. बॅच सुरू झाल्यावर ५ एप्रिलला पैसे भरले, तर शेवटचा दिवस ११ एप्रिल.

पाचपेक्षा जास्त धडे उघडले असतील तर परतावा मिळणार नाही.

अर्ज पाठवल्याच्या दिवसानंतर ५ दिवसांत, सुट्ट्या धरून, आम्ही होय किंवा नाही कळवू आणि होय असल्यास त्याच मुदतीत बँकेला आदेश देऊ. आदेशाचा क्रमांक तुम्हाला मोबाईलवर पाठवू. त्यानंतर बँकेला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस लागतात, सलग सुट्ट्या आल्यास दोन आठवडेही लागू शकतात. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातील. अर्जापासून २१ दिवसांत रक्कम दिसली नाही, तर आम्हाला कळवा, शोध आम्ही घेऊ.”

ताईंच्या तारखा यात घालून पाहिल्या. अर्ज ४ एप्रिल, म्हणजे वेळेत. आदेश ९ पर्यंत. पैसे २२ ला, आणि २१ दिवसांची मर्यादा २५ एप्रिलला संपते. हिशेब बसला. हाच मजकूर आधी असता तर १५ तारखेपर्यंत पैशांची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे ताईंना पहिल्याच दिवशी कळले असते. त्यांनी फीसाठी दुसरी काही सोय पाहिली असती.

पहिल्या मसुद्यात मी ‘७ एप्रिल रात्री १२ वाजेपर्यंत’ असे लिहिले होते. तो मी कार्यालयातल्या शिपाईकाकांना, एका विद्यार्थिनीला आणि हिशेबनीसांना वाचायला दिला आणि तिघांना वेगवेगळे बसवून विचारले, “अर्ज कधीपर्यंत करता येईल?” काकांनी सांगितले, ६ तारखेची रात्र संपेपर्यंत. बाकी दोघांनी ७ ची सांगितली. म्हणून ११ वाजून ५९ मिनिटे आली. तिघांची उत्तरे जुळेपर्यंत मजकूर पक्का करायचा नाही, एवढीच कसोटी होती. पुढे संगणकाचे काम करणाऱ्या मुलाने पावतीवरच ‘तुमचा शेवटचा दिवस’ छापण्याची सोय केली, आणि मुदतीवरून होणारे भांडण जवळजवळ थांबले.

मात्र नियम स्पष्ट असणे म्हणजे उदार असणे नव्हे. ‘परतावा मुळीच मिळणार नाही’ हेही स्पष्टच वाक्य आहे. मन बदलले म्हणून पैसे परत मागायचे, तर संस्थेचा नियमच पाहावा लागतो. पण दिलेली सेवाच सदोष असेल, तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मराठी सांगून इंग्रजीत शिकवणे हा वाद या बाजूने मांडता येतो. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आपल्या घरात कोणी असा वर्ग घेणार असेल, तर पैसे भरण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारा: “परताव्यासाठी माझी शेवटची तारीख कोणती? आणि बँकेला आदेश किती दिवसांत देणार?” उत्तरात तारीख आली तर ठीक. ‘सात दिवसांच्या आत’ असे आले, तर पुन्हा विचारा, कुठून. आदेश गेल्यावर क्रमांक मागून घ्या. कार्डाचा क्रमांक २३ आकडी असतो, यूपीआयचा १२ आकडी. तो घेऊन बँकेत गेले की पैसे कुठे आहेत ते पाहता येते. क्रमांकच नसेल, तर आदेश बहुधा गेलेलाच नसतो.

त्या ताई परवा बाजारात भेटल्या. मुलीने परीक्षेचा अर्ज भरला आहे. जूनच्या वर्गाची पावती त्यांनी अजून पर्समध्ये ठेवली आहे, आणि तिच्यावर शेवटच्या तारखेखाली पेनाने रेघ मारलेली आहे.