‘आठवड्यातून तीन दिवस’ म्हणजे नेमके काय?

हायब्रिड कामाच्या धोरणात कर्मचारी आठवड्यातले ठरावीक दिवस कार्यालयात येतो आणि उरलेले दिवस घरून काम करतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा घरून काम रातोरात सुरू झाले आणि नियम लिहायला कुणाला सवड मिळाली नाही. लोकांना परत बोलावताना मात्र ते लिहावे लागले. धोरणाचा सविस्तर दस्तऐवज कंपनीच्या पोर्टलवर असतो, पण तो फारसे कुणी उघडत नाही. मनुष्यबळ विभागाचा मेल सगळे वाचतात, म्हणून व्यवहारात तो मेल हेच धोरण ठरते. त्यात जे संदिग्ध राहते, त्यावरून पुढे महिनोन्‌महिने वाद चालतात.

समजा, पुण्यात खराडीला एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. कर्मचारी २४०, एक मजला सोडून दिल्यामुळे बसायच्या जागा १६०. या कंपनीने असा मेल पाठवला: ‘परस्पर सहकार्य वाढावे यासाठी सर्वांनी आठवड्यातून साधारण तीन दिवस कार्यालयात येणे अपेक्षित आहे. अपवादात्मक परिस्थितीत आपल्या मॅनेजरशी बोलावे.’ भाषा सौम्य आहे, वाचायलाही बरी वाटते. पण पहिल्याच आठवड्यात लोक मंगळवार, बुधवार, गुरुवार निवडणार, कारण शनिवार-रविवारला जोडून घरचे दिवस कुणाला नको असतात? बुधवारी अकरा वाजता लॅपटॉप उघडायला जागा नाही आणि शुक्रवारी अर्धा मजला ओस, असे चित्र दिसू लागेल.

हिशेब मांडला की उत्तर सापडते. २४० जणांचे प्रत्येकी ८० चे तीन गट केले, तर एका दिवशी दोन गट मावतात. प्रत्येक गटाला तीन दिवस द्यायचे म्हणजे आठवड्याला नऊ गट-दिवस लागतात आणि पाच दिवसांत दहा उपलब्ध आहेत. पहिला गट सोमवार, मंगळवार, गुरुवार. दुसरा सोमवार, बुधवार, गुरुवार. तिसरा मंगळवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवारी ८० जागा शिल्लक राहतात. ज्याचा दिवस हुकला त्याला तो तेव्हा भरून काढता येतो. शिवाय प्रत्येक गटाचे इतर दोन्ही गटांशी आठवड्यातून निदान एकदा गाठ पडते. मेलमध्ये ‘साधारण तीन दिवस’ याऐवजी गटवार दिवसच लिहिले, की निम्मे प्रश्न उद्भवत नाहीत.

उरलेले निम्मे मोजणीचे असतात. कुठल्या हजेरीला ‘दिवस’ म्हणायचे, हे मेलने सांगावेच लागते. सकाळी येऊन कार्ड स्वाइप करायचे, कॉफी घ्यायची आणि तासाभरात परत निघायचे, ही युक्ती जगभरच्या कार्यालयांत आता जुनी झाली आहे. म्हणून ‘किमान पाच तास उपस्थिती’ अशी अट घालणाऱ्या कंपनीने तो आकडा मेलमध्येच द्यावा; पगारवाढीच्या बैठकीत तो पहिल्यांदा कानावर येऊ नये. तीच गोष्ट सुट्यांची. गुढीपाडवा मंगळवारी आला तर त्या आठवड्यात पहिल्या गटाने दोनच दिवस यायचे, की शुक्रवारी भरपाई करायची? आजारपणाची रजा घेतली तर? सोपा नियम असा लिहिता येतो: ‘सार्वजनिक सुटी किंवा मंजूर रजा तुमच्या कार्यालयीन दिवशी आली, तर तो दिवस भरून काढायचा नाही.’ एवढ्या एका वाक्याने मनुष्यबळ विभागाकडे येणारे कित्येक मेल वाचतात.

कारणांचा परिच्छेद लिहिताना बहुतेक कंपन्या अडखळतात. खरे कारण ठाऊक असूनही लिहिणारा ‘कार्यसंस्कृती’, ‘ऊर्जा’ अशा मोघम शब्दांचा आधार घेतो. वाचणाऱ्याला ते लगेच कळते आणि मग तो स्वतःच कारण शोधतो: लोकांनी कंटाळून राजीनामे द्यावेत म्हणून हे चालले आहे, अशी कुजबूज तिथूनच सुरू होते. खराडीच्या या कंपनीकडे सांगण्यासारखी दोन धड कारणे आहेत. नव्याने लागलेल्या मुलामुलींना शंका विचारायला शेजारी कुणी नसते, त्यामुळे त्यांचे शिकणे रेंगाळते. आणि ग्राहकाच्या मोठ्या बदलांची आखणी फोनवर लांबत जाते. ही कारणे लिहिली तर गट पाडताना एकेक टीम अखंड एकाच गटात का ठेवली, हेही आपोआप समजते. टीमचे चौघे वेगवेगळ्या दिवशी येऊन हेडफोन लावून ऑनलाइन बैठक करत असतील, तर दिलेले कारणच खोटे पडते. तीनच दिवस का, याचे उत्तर जागांच्या हिशेबात आहे आणि तेही लपवण्यासारखे नाही.

अपवादांचा भाग सर्वांत काळजीपूर्वक लिहावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेला संदेश इथे पाहण्यासारखा आहे. २ जानेवारी २०२५ पासून पाचही दिवस कार्यालयात, हा निर्णय अनेकांना कडू लागला. पण मूल आजारी असणे, घरात अचानक अडचण येणे, ग्राहकाच्या भेटीसाठी प्रवासात असणे, एखाद-दोन दिवस एकांतात कोड पूर्ण करायचा असणे, अशी घरून काम करण्याची नेहमीची कारणे त्यात नावानिशी दिली होती, आणि तयारीला तीन महिन्यांहून अधिक अवधी होता. निर्णय पटो न पटो, आपण कुठे बसतो हे वाचणाऱ्याला कळत होते.

‘मॅनेजरशी बोलावे’ या वाक्यात नेमके हेच नसते. एक मॅनेजर दर पावसाळ्यात घरून काम करू देतो, दुसरा ताप असतानाही बोलावतो. म्हणून अपवादांचे दोन प्रकार वेगळे ठेवलेले बरे. एखाद-दोन दिवसांची अडचण असेल तर मॅनेजरला त्या दिवशी सकाळी कळवले की पुरे, मंजुरीची गरज नाही. अडचण लांबणारी असेल, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, घरातल्या आजारी ज्येष्ठांची देखभाल किंवा दिव्यांगत्वामुळे होणारा प्रवासाचा त्रास, तर अर्ज मनुष्यबळ विभागाकडे जातो. तो कोण तपासणार, किती दिवसांत उत्तर देणार, परवानगी किती महिन्यांची आणि नकार आला तर फेरविचार कोण करणार, या चार गोष्टी मेलमध्ये हव्यात. वैद्यकीय कागद मॅनेजरला दाखवावे लागणार नाहीत, हेही लिहावे. नाहीतर अनेक जण अर्जच करत नाहीत.

काही बाबतीत कायद्याकडेही पाहावे लागते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने अशी तरतूद आणली की, कामाचे स्वरूप तसे असेल तर प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने ठरलेल्या अटींवर घरून काम देता येते. तशी संमती आधीच दिलेली असेल, तर सरसकट लिहिलेला मेल ती मोडतो. ‘यापूर्वी लेखी दिलेल्या परवानग्या त्यांच्या मुदतीपर्यंत कायम राहतील’ हे वाक्य अशा वेळी उपयोगी पडते. गावी स्थायिक झालेल्यांनाही तेच हवे असते. कोल्हापूर-साताऱ्याला गेलेल्या माणसाला पुण्यात घर बघायचे, अनामत भरायची, मुलांची शाळा बदलायची, तर पंधरा दिवसांची सूचना त्याला पुरत नाही. त्याच्यासाठी शैक्षणिक वर्ष संपेपर्यंतची वेगळी तारीख देता येते.

हे सगळे मेलमध्ये उलट्या क्रमाने येते: लिहिणारा कारणाकडून नियमाकडे जातो, पण वाचणाऱ्याला नियम आधी हवा असतो. म्हणून विषयाच्या ओळीतच ‘१ जूनपासून आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात: गटवार दिवस आणि अपवाद’ असे लिहावे. पहिल्या परिच्छेदात कुणाला लागू आणि कधीपासून, मग दिवस व मोजणी, त्यानंतर कारणे, मग अपवाद. शेवटी शंका विचारण्यासाठी एक पत्ता आणि धोरणाच्या फेरआढाव्याची तारीख. दिवस पाळले नाहीत तर काय होईल, तेही तिथेच सांगावे: आधी मॅनेजर विचारणा करील, दोन महिने तसेच चालले तर मनुष्यबळ विभाग लेखी कळवील. पुढे एखादा नियम बदलला, तर पोर्टलवरचा मजकूर गुपचूप न बदलता त्याच विषयाच्या ओळीवर ‘सुधारित’ असे लिहून, बदललेले वाक्य वर ठेवून मेल पुन्हा पाठवावा.