नावात बदल : कोणता कागद आधी, कोणता नंतर

आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांच्या कागदपत्रांत एकाच माणसाची तीन-तीन नावे आढळतात. शाळेच्या दाखल्यावर 'शेख सलीम शेख महबूब', पॅन कार्डावर 'सलीम महबूब शेख', आणि बँकेत 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग आणखी निराळे. लग्नानंतर भगिनींच्या बाबतीत वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते आणि गुंता वाढतो. कर्ज, परवाना किंवा पासपोर्टच्या वेळी हा फरक अडतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लग्नानंतर पत्नीने नाव बदललेच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. माहेरचे नाव आयुष्यभर चालवता येते. बदलायचे असेल तर मात्र सर्व कागदांवर बदलावे. अर्धवट बदल हेच त्रासाचे मूळ आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, भिवंडीतील एक भगिनी शिलाईचा व्यवसाय करतात. पॅन व बँक खाते 'नसीम अब्दुल गफूर मोमीन' या नावाने आहे, जी.एस.टी. नोंदणीही त्याच पॅनवर. त्यांना 'नसीम इम्रान अन्सारी' हे नाव लावायचे आहे.

पहिला कागद विवाह नोंदणीचा. निकाहनामा हा निकाहचा पुरावा खरा, पण तो बहुधा उर्दूत असतो आणि कचेरीतील कारकुनाला वाचता येत नाही. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यान्वये निकाहचीही नोंद विवाह निबंधकाकडे करता येते. शहरात हे काम नगरपालिका किंवा महानगरपालिकेत होते. निकाहनाम्याची प्रत, भाषांतर, वधू-वरांचे वय व पत्त्याचे पुरावे आणि साक्षीदार घेऊन जावे. प्रमाणपत्रावर जुने नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणेच लिहिले आहे ना, हे तिथल्या तिथे तपासावे.

दुसरा कागद राजपत्राचा. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावातील बदल प्रसिद्ध होतात. अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. ओळख व पत्त्याचा पुरावा, जुन्या नावाचा पुरावा, फोटो, आणि बदलाचे कारण दाखवणारा कागद लागतो. लग्नाच्या बाबतीत तो विवाह प्रमाणपत्राचा. स्वतःच्या मर्जीने नाव बदलणाऱ्याने प्रतिज्ञापत्र द्यावे. अर्ज पाठवण्यापूर्वी जुने व नवे नाव अक्षर अन् अक्षर वाचावे. 'शेख'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एस-एच'नंतर 'ए-आय' की 'ई-आय', हे आधीच ठरवावे. राजपत्रात एकदा चूक छापली गेली की दुरुस्तीसाठी पुन्हा खटपट करावी लागते.

वर्तमानपत्रातील नोटीस ही वेगळी बाब. ती राजपत्राची जागा घेत नाही. मर्जीने नाव बदलल्यास पासपोर्टसाठी दोन दैनिकांतील जाहिरातींची मूळ कात्रणे मागितली जातात. त्यांपैकी एक दैनिक आपल्या भागातील असावे. मजकूर साधा असावा : जुने नाव, नवे नाव, पत्ता, प्रतिज्ञापत्राची तारीख. कात्रण कापताना दैनिकाचे नाव व तारीख राहील असे संपूर्ण पान जपावे.

आता क्रम. राजपत्र हाती आल्यावर आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग जी.एस.टी. आधार व पॅन यांतील नाव जुळले नाही तर दोन्हींची जोडणी अडते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून कच्चे नाव घालू नये. मतदार यादीसाठी नमुना 8 भरावा.

नसीम यांच्या बाबतीत पॅनचा क्रमांक तोच राहतो, फक्त नाव बदलते. म्हणून जी.एस.टी. क्रमांकही तोच राहतो. पॅनवर नवे नाव आल्यापासून 15 दिवसांच्या आत जी.एस.टी. पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करावा. दुकानाचे नाव आणि मालकाचे कायदेशीर नाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाटीवरचे नाव बदलण्याची गरज नाही. मात्र बँकेत बदल होईपर्यंत जुन्या नावाचे चेकबुक फेकू नये आणि गिऱ्हाइकांना कळवून ठेवावे की येणे रक्कम कोणत्या नावाने काढायची.

जुनी खरेदीखते, करारनामे आणि शाळेची प्रमाणपत्रे नाव बदलल्याने रद्द होत नाहीत. त्यांवर जुनेच नाव राहते. जुना माणूस व नवा माणूस एकच, हे जोडणारी कडी म्हणजे राजपत्र. त्याच्या चार-पाच छापील प्रती घराच्या कागदांत ठेवाव्यात आणि प्रत्येक जुन्या कागदासोबत एक जोडावी.