नुसता सापाचा फोटो आला तर

वाकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पावसाळ्यात असा फोटो हमखास येतो: काळपट साप, अंगावर पांढरे पट्टे, सोबत एक शब्द नाही. नाव सांगण्याआधी विचारा, कुणाला चावलाय का? उत्तर हो असेल तर ओळख पटवण्यात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. असा साप मण्यार असला, तर दंश फारसा दुखत नाही, सूजही जेमतेम येते. म्हणून लोक फसतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे फोटोवाचून उपचार अडत नाहीत.

कुणाला चावला नसेल, तर पट्टे कुठून सुरू होतात ते बघा. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासूनच रुंद असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचे बारीक, बहुधा जोडीनं, डोक्यापासून जरा मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. भिंतीवर चढलेला असेल तर बहुतेक कवड्या, पण तेवढ्यावर नाव ठरवू नका. फोटोत डोकं किंवा शेपूट नसेल तर 'सांगता येत नाही' हेच खरं उत्तर. लांबूनच, झूम करून काढलेला दुसरा फोटो मागा. तोवर लक्ष ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.