न्हाणीघराच्या फरशीला टाइल्सचे बॉक्स किती?

घरकाम काढलं की टाइल्सच्या दुकानात बहुतेक वेळा घरातल्या बाईलाच उभं राहावं लागतं. रंग आपण पसंत करतो, पण "किती बॉक्स?" या प्रश्नाचं उत्तर दुकानदार देतो किंवा गवंडी. आज आपण ते उत्तर स्वतः काढू या. त्यासाठी एक टेप, एक कागद आणि शाळेतला गुणाकार पुरेसा आहे.

पहिली गोष्ट मापाची. न्हाणीघराच्या भिंतींनाही टाइल्स लावायच्या असतील तर त्या लागल्यावर फरशीचं माप घ्या. भिंतीवरचा मसाला आणि टाइल मिळून प्रत्येक बाजूला दोन-तीन सेंटिमीटर जागा खातात. भिंती क्वचितच सरळ असतात, म्हणून लांबी दोन ठिकाणी मोजा, रुंदीही दोन ठिकाणी मोजा आणि जास्त असेल ते माप धरा. फूट-इंचाच्या हिशेबात गोंधळ होतो, त्यामुळे टेपची सेंटिमीटरची बाजू वापरा.

आता एक उदाहरण घेऊ. न्हाणीघर २०० सेंटिमीटर लांब आणि १३० सेंटिमीटर रुंद आहे. संडास वेगळा आहे. २ मीटर गुणिले १.३ मीटर म्हणजे २.६ चौरस मीटर, साधारण २८ चौरस फूट. टाइल आपण खरबरीत, न घसरणारी, "एक बाय एक"ची घेतली. ही टाइल दुकानात एक फुटाची म्हणतात, पण बॉक्सवर ३०० बाय ३०० मिलिमीटर छापलेलं असतं. म्हणजे ती ३० सेंटिमीटरची आहे आणि पूर्ण फूट साडेतीस सेंटिमीटरचा असतो. त्यामुळे १० टाइल्सच्या बॉक्समध्ये १० नाही, तर सुमारे ९.७ चौरस फूट माल असतो. एका बॉक्समध्ये नग किती आणि ते किती जागा भरतात, हे बॉक्सवरच लिहिलेलं असतं. तेच वाचा, कारण नगांची संख्या कंपनीप्रमाणे बदलते. आपल्या उदाहरणात १० नग धरू.

दुकानात हिशेब असा होतो: फरशी २८ फूट, तीन बॉक्समध्ये २९ फूट माल, म्हणजे तीन बॉक्स पुरे. कागदावर ते बरोबर दिसतं. पण फरशीवर टाइल्स ओळीने बसतात, म्हणून ओळी मोजून बघू.

लांबीत सहा अख्ख्या टाइल्स बसतात आणि सांधे धरून साधारण १९ सेंटिमीटरची पट्टी उरते. रुंदीत चार अख्ख्या बसतात आणि ९ सेंटिमीटरची पट्टी उरते. म्हणजे सहा गुणिले चार, अशा २४ टाइल्स न कापता लागतात. लांबीच्या टोकाला चार टाइल्स कापाव्या लागतात, झाल्या २८. रुंदीच्या टोकाला ९ सेंटिमीटरच्या सहा पट्ट्या हव्यात आणि कोपऱ्यात एक छोटा तुकडा.

खरी मेख इथे आहे. टोकाच्या चार टाइल्स कापल्यावर प्रत्येकीतून ११ सेंटिमीटरचा तुकडा उरतो. जपून काम करणारा गवंडी तोच तुकडा खालच्या पट्टीला वापरतो. अशा चार पट्ट्या निघाल्या, उरलेल्या दोन पट्ट्या आणि कोपरा एकाच टाइलमधून निघतात. एकूण २९ टाइल्स झाल्या. पण गवंड्याने प्रत्येक पट्टीसाठी नवी टाइल घेतली तर २४ अधिक ४ अधिक ६ अधिक १, म्हणजे ३५ लागतात. टाइलवर एकाच दिशेने जाणारी नक्षी असेल, लाकडाच्या रेघांसारखी, तर तुकडे फिरवून बसवता येत नाहीत आणि आकडा २९ च्या वर जातो.

कापताना मोडतोडही होते. पाणी जाण्याच्या जाळीसाठी टाइलला गोल किंवा चौकोनी खाच पाडावी लागते. तिथे एखादी टाइल हमखास तडकते. तीन बॉक्समध्ये ३० टाइल्स आहेत आणि कमीत कमी २९ लागणार आहेत. म्हणजे हातात एकच टाइल शिल्लक.

म्हणून तुटफूट धरायची. सरळ ओळीत टाइल्स लावायच्या असतील तर दहा टक्के जास्त धरा. तिरक्या, शंकरपाळ्यासारख्या लावायच्या असतील तर पंधरा टक्के धरा, कारण चारही कडांना त्रिकोणी तुकडे पडतात. आपल्या २९ टाइल्सवर दहा टक्के म्हणजे ३२. तीन बॉक्समध्ये ३२ येत नाहीत, म्हणून चार बॉक्स घ्यायचे. भागाकारात थोडंही उरलं तरी आकडा वरच्याच बॉक्सवर न्यायचा.

चौथा बॉक्स नंतर आणू, असं काही जणी म्हणतात. यात धोका आहे. प्रत्येक बॉक्सवर बॅच आणि शेडचा नंबर असतो. तीच कंपनी, तोच रंग असला तरी वेगळ्या बॅचची टाइल किंचित फिकी किंवा गडद निघते, कधी एखाद्या मिलिमीटरने लहानमोठी असते आणि सांधे जुळत नाहीत. त्यामुळे सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत ना, हे गाडीत चढवण्याआधी बघा. दुकानदार त्याच बॅचच्या सुट्या टाइल्स देत असेल तर तीन बॉक्स आणि पाच सुट्या, असंही चालतं. न फोडलेला बॉक्स परत घेणार का, तेही विचारून बिलावर लिहून घ्या.

आता खर्च बघू. हे दर नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. टाइलचा दर ४५ रुपये चौरस फूट, कर वेगळा. एका बॉक्सचे ९.७ फूट, म्हणजे ४३६ रुपये. चार बॉक्सचे १७४४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१४ रुपये, एकूण २०५८. दुकानदाराने बॉक्सचे १० फूट धरून पैसे लावले तर बॉक्समागे चौदा रुपये जास्त जातात, म्हणून दर बॉक्सचा विचारा आणि कर धरून विचारा.

खालच्या मसाल्याला आणि टाइलखालच्या सिमेंटच्या रबडीला सव्वा ते दीड गोणी सिमेंट लागतं, म्हणून दोन गोण्या, ८०० रुपये. वाळू सुमारे पाच घनफूट, ३०० रुपये. सांधे भरायचं ग्राउट १०० रुपये, टेम्पो ३०० रुपये. एवढ्या लहान कामाला गवंडी फुटावर नाही, उक्ती मजुरी सांगतो. ती १५०० धरू. बेरीज ५०५८ रुपये.

यात चौथ्या बॉक्सचा वाटा करासह ५१४ रुपयांचा आहे. दोन टाइल्स कमी पडल्या तर टेम्पोचा दुसरा फेरा, गवंड्याचा आणखी एक दिवस आणि बॅच न मिळण्याची भीती, हे सगळं मिळून त्याहून महाग पडतं. उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवा. पुढे नळाची पाइप गळली आणि फरशी फोडावी लागली, तर याच टाइल्स कामी येतात. तेव्हा तो नमुना बाजारात मिळेलच असं नाही.

मोठी टाइल घेतली तर काम स्वस्त होईल असं वाटतं, तेही तपासू. याच न्हाणीघरात ६० सेंटिमीटरच्या टाइल्स घेतल्या तर लांबीत चार आणि रुंदीत तीन लागतात, म्हणजे नव्या टाइल्स घेत गेलं तर बारा. बारा टाइल्स ४.३ चौरस मीटर भरतात आणि फरशी आहे २.६ ची. शिवाय जाळीकडे चारही बाजूंनी उतार द्यायचा असतो. मोठी टाइल तशी वळत नाही, मग पाणी एका कोपऱ्यात साचतं. लहान न्हाणीघराला एक फुटाची टाइलच सोयीची.

दुकानात जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: लांबी आणि रुंदी, ओळी मोजून आलेल्या टाइल्स, दहा टक्के धरून झालेला आकडा आणि त्याचे बॉक्स. गवंड्याला काम देताना तोच कागद दाखवा आणि कापलेले तुकडे आधी वापरायला सांगा.