बायोडेटा सोबत जोडलाय, मग पत्रात काय लिहायचं?

भंडाऱ्यात नोकरीचा अर्ज तपासायला कुणी आणून दिला की पहिल्या परिच्छेदात काय असणार, हे मला न वाचताही सांगता येतं. दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, पदवी, एम.एस.-सी.आय.टी., टंकलेखनाचा वेग. मागच्या पानावर बायोडेटा जोडलेला असतो आणि त्यातही हेच सगळं, त्याच क्रमानं. असं का केलं म्हणून विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, ‘‘सर, जोडलेलं कोण वाचतो? पत्रातच सगळं आलेलं बरं.’’

या गैरसमजानं माझा संयम खरोखर संपत चालला आहे, कारण गोष्टी घडतात त्या नेमक्या उलट. छोट्या कारखान्यात, गिरणीत, संस्थेत निवड करणारा माणूस बहुधा आधी बायोडेटाच पाहतो. शिक्षण बसतं का, अनुभव किती आणि गाव कुठलं, एवढं त्याला तिथे चटकन सापडतं. उमेदवार कामाचा वाटला तर तो पत्राकडे वळतो. पत्रात पुन्हा तेच टक्के दिसले की त्याच्या मनात उरलेले प्रश्न तसेच राहतात. उमेदवारानं आधीच्या कामावर नेमकं केलं काय? आमच्याकडेच का यायचंय? हे मधले महिने रिकामे कसे? तक्त्यात या प्रश्नांची उत्तरं मावत नाहीत. ती पत्रातच द्यावी लागतात.

एक उदाहरण घेऊ. मुलगी कल्पनेतली आहे, पण काम आपल्या जिल्ह्यातलं आहे. लाखनी तालुक्यातल्या एका बी.एस्सी. झालेल्या मुलीला तुमसरच्या एका राईस मिलमध्ये क्वालिटी सुपरवायझर व्हायचंय. तिचं पहिलं पत्र असं:

‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, मी २०२१ साली बी.एस्सी. (रसायनशास्त्र) परीक्षा ६४ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाले असून माझे एम.एस.-सी.आय.टी. व मराठी ३०, इंग्रजी ४० टंकलेखन झाले आहे. मला राईस मिलमध्ये प्रयोगशाळा सहायक पदाचा तीन हंगामांचा अनुभव आहे. मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची आहे. तरी मला आपल्या मिलमध्ये सेवेची संधी द्यावी, ही नम्र विनंती.’

बायोडेटात अनुभवाची नोंद अशी: ‘प्रयोगशाळा सहायक, राईस मिल, ता. साकोली. नोव्हेंबर ते मे, सलग तीन हंगाम. कामे: धानाचा ओलावा मोजणे, तांदळातील तुकड्याचे व बाह्य पदार्थांचे प्रमाण काढणे, लॉटचे नमुने ठेवणे.’

बायोडेटातली ही नोंद उत्तम आहे. पद, जागा, काळ आणि कामं सगळं त्यात आलं. पत्र मात्र जवळजवळ रिकामं आहे. त्यातलं एकेक वाक्य घेऊन बायोडेटात शोधलं तर पदवी तिथे आहे, टक्के आहेत, टंकलेखन आहे, अनुभवही आहे. हे सगळं खोडल्यावर ‘मेहनती, प्रामाणिक व होतकरू’ आणि घरची परिस्थिती एवढंच उरतं. पहिलं प्रत्येकच अर्जात असतं. दुसऱ्यावरून ती तुकडा मोजू शकते की नाही, हे कळत नाही.

आता मिलवाल्याच्या जागेवर बसून बघा. सरकारी खरेदीचं धान तो भरडाईला घेतो, तेव्हा क्विंटलमागे ६७ किलो कच्चा तांदूळ परत देणं त्याला बंधनकारक असतं. तांदूळ तपासून घेतला जातो. केंद्राच्या मानकांत अशा तांदळातल्या तुकड्याची कमाल मर्यादा अनेक वर्षं २५ टक्के राहिली आहे आणि ओलाव्यालाही मर्यादा आहे. तुकडा वाढला की लॉट नाकारला जातो. गाडी परत येते, हमाली आणि भाडं दुप्पट लागतं. अशा माणसाला ६४ टक्क्यांपेक्षा जास्त उत्सुकता असते ती एकाच गोष्टीची: तुकडा वाढला, तर ही मुलगी कारण शोधू शकेल का?

ते तिनं एकदा शोधलं होतं, पण पत्रात लिहिलं नव्हतं. ‘‘ते तर रोजचंच काम होतं,’’ असं तिचं म्हणणं. असे प्रसंग पत्रातून गळतात ते बहुतेक याच कारणानं. विचारून विचारून ते बाहेर काढल्यावर पत्र असं झालं:

‘आपल्या मिलमधील क्वालिटी सुपरवायझर पदासाठी हा अर्ज आहे. मी रसायनशास्त्राची पदवीधर असून मिलच्या प्रयोगशाळेत तीन हंगाम काम केले आहे. तपशील सोबतच्या बायोडेटात आहे.

गेल्या हंगामात तुकड्याचे प्रमाण अचानक वाढले. रोलरची तपासणी झाली, पण फरक पडला नाही. मी प्रत्येक थप्पीचा ओलावा वेगळा मोजून वहीत लिहू लागले. तेव्हा दिसले की ११ टक्क्यांपर्यंत वाळलेले जुने धान आणि १६ टक्के ओलाव्याचे नवे धान एकत्र भरडले जात होते. नवे धान आधी वाळवून दोन्ही थप्प्या वेगळ्या भरडल्या, तेव्हा तुकडा पुन्हा मर्यादेत आला. थप्पीनिहाय नोंदीची ती पद्धत तेव्हापासून सुरू आहे.

बायोडेटात दरवर्षी जून ते ऑक्टोबर हे महिने मोकळे दिसतील. भरडाई संपल्यावर ती मिल बंद असते. त्या काळात मी घरची रोवणी पाहते. आपल्याकडे वर्षभर काम चालते, म्हणून मला आपल्याकडे यायचे आहे. सॉर्टेक्स मशीन मी स्वतः चालवलेले नाही, ते शिकावे लागेल. तुमसरला राहण्याची सोय आहे. १ जूनपासून रुजू होऊ शकते.’

पहिल्या परिच्छेदातल्या एका वाक्यात पदवी आणि अनुभव पुन्हा आला आहे. ही पुनरुक्ती मुद्दाम ठेवली आहे. टाचणी निघते, कागद सुटतात, आणि निव्वळ पत्र हाती आलं तरी अर्ज कुणाचा आणि कशासाठी हे कळायला हवं. म्हणून नाव, मोबाईल नंबर, पद आणि पात्रतेचा एक धागा एवढंच दोन्हीकडे असावं. वर्षं, टक्के, प्रमाणपत्रं बायोडेटातच ठेवावीत.

दुसरा परिच्छेद बायोडेटातल्या ‘ओलावा मोजणे’ या दोन शब्दांमागे काय आहे ते सांगतो. पत्रात प्रसंग एकच घ्यावा आणि तो पुरता सांगावा. काय बिघडलं, आधी काय करून पाहिलं, मी काय केलं, पुढे काय झालं, हे सगळं त्यात यावं. तीन प्रसंग घेतले तर तिन्हींची पुन्हा यादीच होते. प्रसंग खरा आहे हे तपशिलातूनच कळतं. फार वाळलेलं धान भरडताना जास्त फुटतं आणि ओलं धान नीट भरडलं जात नाही. दोन्ही एकत्र आल्यावर एकच सेटिंग दोन्हींना लागू पडत नाही. हे मिलवाल्याला ठाऊक असतं. ११ आणि १६ हे आकडे वाचताच लिहिणारी थप्पीजवळ उभी राहिली होती, याची त्याला खात्री पटते. शिवाय मुलाखतीत ‘ओलावा कशानं मोजला? नमुना थप्पीच्या कोणत्या भागातून घेतला?’ असा प्रश्न येणारच. म्हणून स्वतः न केलेलं काम इथं घुसडलं तर ते दोन मिनिटांत उघडं पडतं.

मधल्या मसुद्यात ‘आमचा लॉट परत आला होता’ असं एक वाक्य होतं. ते काढायला लावलं. खरं असलं तरी तो जुन्या मालकाचा व्यवहार आहे. नवा मालक वाचताना हेच म्हणेल की उद्या ही आमचंही बाहेर सांगेल. प्रसंग सांगायला तुकडा वाढला एवढं पुरतं.

तिसऱ्या परिच्छेदातले मोकळे महिने बायोडेटात दिसतात, पण त्यांचं कारण तिथे लिहायला जागा नसते. तीन वर्षं दर जूनला काम सुटलेलं दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, हिला काढून टाकत असतील. धानपट्ट्यात हंगामी काम ही नेहमीची गोष्ट आहे, पण नागपूरच्या कार्यालयात बसून वाचणाऱ्याला ती सुचेलच असं नाही. सॉर्टेक्सचा उल्लेखही असाच. बायोडेटा आपल्याकडे काय आहे ते सांगतो. काय नाही आणि ते शिकायची तयारी आहे का, हे सांगायची जागा पत्रातच असते.

‘पत्रातच सगळं आलेलं बरं’ या गैरसमजाला अलीकडे एक पुरावाही जोडला जातो. व्याख्यानांत सांगतात की लिओनार्दो दा विंचीनं जगातला पहिला बायोडेटा लिहिला आणि त्यात आपली सगळी कौशल्यं मांडली. सुमारे १४८२ मध्ये मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला उद्देशून लिहिलेला तो मजकूर म्हणजे पत्र आहे. त्याचा मसुदा ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात आहे आणि त्यातलं अक्षर लिओनार्दोचं नाही, असं अभ्यासक मानतात. तो वाचला तर दिसतं की लिओनार्दोनं निवड किती कठोरपणे केली. मिलानला युद्धाची चिंता होती, म्हणून क्रमांक घालून लिहिलेले बहुतेक मुद्दे हलके पूल, वेढा, तोफा यांबद्दल आहेत. शांततेच्या काळातली कामं शेवटी येतात आणि चित्रकला त्यांतल्याही अखेरीकडे. फ्लॉरेन्समध्ये वेरोक्क्योच्या कार्यशाळेत शिकल्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. ‘सगळं लिहा’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण तरी देऊ नये.

आता किरकोळ गैरसमज.

‘बायोडेटा सहाच सेकंद पाहतात, म्हणून महत्त्वाचं सगळं पत्रात घ्या.’ हा आकडा द लॅडर्स या अमेरिकी नोकरी-संकेतस्थळानं २०१२ मध्ये ३० निवडकर्त्यांवर केलेल्या पाहणीतला आहे. ती पाहणी बायोडेटावरच्या पहिल्या नजरेची होती. पत्राबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

‘सरकारी भरतीतही पत्र चांगलं हवं.’ सरळसेवा भरतीत ऑनलाइन फॉर्म आणि परीक्षा असते, शिक्षक भरतीत पवित्र पोर्टल. तिथे पत्र मागितलेलं नसेल तर जोडू नका.

‘पत्र इंग्रजीतच हवं.’ जाहिरात ज्या भाषेत, पत्र त्या भाषेत.

‘आधार क्रमांक दिला की विश्वास बसतो.’ तो पत्रातही नको आणि बायोडेटातही नको. निवड झाल्यावर कागदपत्रं पडताळतात, तेव्हा दाखवायचा.

‘ईमेल पाठवताना पत्राची वेगळी फाइल लागतेच.’ जाहिरातीत मागितली असेल तरच लागते. नाहीतर ईमेलच्या मजकुरातच पत्र लिहा आणि फक्त बायोडेटा जोडा. ईमेलमध्ये एकदा, फाइलमध्ये एकदा आणि बायोडेटात एकदा असं तेच तीन वेळा पाठवणारे अनेक आहेत. फाइल मागितलीच असेल, तर ईमेलमध्ये पद, नाव, मोबाईल नंबर आणि ‘पत्र व बायोडेटा सोबत आहे’ एवढ्या दोन ओळी पुरतात.