जाहिरात चालली, आता बजेट किती वाढवायचं?

समजा, कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाची इन्स्टाग्रामवरची जाहिरात छान चालली आहे. रोजचं बजेट २,००० रुपये आणि ऑर्डरी दहा, म्हणजे एक ऑर्डर २०० रुपयांना पडते. माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता एका जोडामागे २८० रुपये सुटतात, त्यातून जाहिरातीचा खर्च भागवायचा. बजेट दहा हजार केलं की ऑर्डरी पन्नास होतील, असं मालकाला वाटणं साहजिक आहे.

तसं होत नाही. जाहिरात कोणाला दाखवायची, हे मेटाची यंत्रणा आलेल्या ऑर्डरींवरून शिकते. आठवड्यात साधारण ५० ऑर्डरी आल्या की एका अ‍ॅड सेटचं ‘लर्निंग’ संपतं, आणि मोठा बदल केला की पुन्हा सुरू होतं. प्रेक्षकवर्ग बदलणं किंवा चालू सेटमध्ये नवी जाहिरात घालणं हे मोठेच बदल. बजेटचं मात्र किती वाढवलं यावर ठरतं. मेटाच्याच उदाहरणात १०० डॉलरचे १०१ केल्याने बहुधा काही बिघडत नाही. एकदम १,००० केले तर शिकणं पुन्हा सुरू होऊ शकतं.

म्हणून या धंद्यातले लोक दर तीन-चार दिवसांनी सुमारे वीस टक्के वाढवतात. हा मेटाचा नियम नव्हे, ठोकताळा आहे. या चालीने २,००० चे ४,००० व्हायला चार पायऱ्या, म्हणजे जवळपास दोन आठवडे लागतात.

मधले दिवस हात आवरणं सगळ्यात अवघड. रोज दहा ऑर्डरी येत असतील तर एखाद्या दिवशी सात येणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो. शिवाय सोमवारी जाहिरातीवर क्लिक करून गुरुवारी चप्पल घेणाऱ्याची ऑर्डर मेटाच्या अहवालात सोमवारच्या खात्यात जमा होते. त्यामुळे कालचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा महाग दिसतो. तो पाहून घाबरून बजेट खाली-वर करणारे स्वतःच घडी विस्कटतात.

खरी फसगत सरासरीत असते. बजेट २,९०० वर गेलं आणि ऑर्डरी तेरा झाल्या, तर ऑर्डरमागे खर्च २२३ रुपये. २८० च्या आतच, म्हणून मालक खूश! पण वाढवलेल्या ९०० रुपयांनी फक्त तीन ऑर्डरी आणल्या, एकेक ३०० रुपयांना. त्या तिन्हींत वीस-वीस रुपये तोटा आहे. चटकन घेणारी गिऱ्हाईकं यंत्रणेने आधीच गाठलेली असतात. पुढची गाठायला लिलावात जास्त मोजावं लागतं.

आठवडाभर हेच चित्र राहिलं तर बजेट एक पायरी उतरवून २,४०० वर आणावं. नवा व्हिडिओ वेगळ्या अ‍ॅड सेटमध्ये, वेगळ्या बजेटवर आजमावावा. जुन्या सेटला हात लावू नये. मात्र रोज ५०० रुपये दिले आणि ऑर्डर २०० नेच पडली, तरी आठवड्यात सतरा-अठराच येतील. तेवढ्यात त्या सेटचं शिकणं पुरं होत नाही.