प्लेटलेट खरंच कमी आहेत का?

डेंग्यूच्या दिवसांत सीबीसीचा रिपोर्ट हातात पडला की घरातले सगळे आधी प्लेटलेटचा आकडा बघतात. समजा, तापाच्या एका रुग्णाचा आकडा आला ३८ हजार, आणि यंत्राच्या पडद्यावर शेजारी इशारा उमटला: `PLT Clumps?` लॅबच्या भाषेत हा ‘फ्लॅग’. तो दिसला की रिपोर्ट लगेच देऊन टाकायचा नाही, आधी काचपट्टी बघायची.

यंत्राला हा संशय येतो कसा? वॉलेस कूल्टर या अमेरिकी संशोधकाला १९५३मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट मिळालं, ती आजही बहुतेक यंत्रांत आहे. खारट द्रावणात पातळ केलेलं रक्त एका सूक्ष्म छिद्रातून ओढतात. छिद्राच्या दोन्ही बाजूंना विद्युतप्रवाह चालू असतो. पेशीतून वीज नीट जात नाही, म्हणून पेशी छिद्रातून जाताना क्षणभर अडथळा येतो. जेवढे अडथळे तेवढ्या पेशी. आणि अडथळा जेवढा मोठा, तेवढी पेशी मोठी. साधारण २ ते २० फेमटोलिटर आकाराचं जे जाईल, त्याला यंत्र प्लेटलेट म्हणतं. पांढऱ्या पेशी मोजायच्या तर लाल पेशी आधी औषधाने फोडून टाकतात. नव्या यंत्रांत लेसरही असतो.

म्हणजे यंत्र पेशी ओळखतं ती मुख्यतः आकारावरून, आणि गफलत होते ती इथेच. सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यातल्या ईडीटीएमुळे रक्त गोठत नाही, पण काही मोजक्या लोकांच्या प्लेटलेट त्याच ईडीटीएमुळे एकमेकींना चिकटतात. गुठळी २० फेमटोलिटरपेक्षा मोठी झाली की ती प्लेटलेटच्या हिशोबातून गळते. कधी ती पांढरी पेशी म्हणूनही मोजली जाते. आलेखात प्लेटलेटची रेषा शेवटी खाली टेकायला हवी, ती वरच तरंगत राहते. त्यावरून यंत्र इशारा देतं.

तंत्रज्ञ आधी नळीत काडी फिरवून रक्ताची गाठ झालीय का बघतो. रक्त काढायला वेळ लागला असेल तर तशी गाठ होते, आणि मग नमुनाच नव्याने घ्यावा लागतो. गाठ नसेल तर स्मिअर रंगवून तिची कडा सूक्ष्मदर्शकाखाली आणतात. गुठळ्या बहुधा तिथेच जमलेल्या सापडतात. आपल्या रुग्णाच्या पट्टीवर त्या दिसल्या, म्हणून सायट्रेटच्या निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. आकडा आला १ लाख ८० हजार. नळीतल्या द्रावणाने रक्त थोडं पातळ होतं, त्यामुळे १.१ने गुणायचं: १ लाख ९८ हजार. मात्र रक्तस्राव दिसत नाही एवढ्यावरून कमी आकडा खोटा ठरवता येत नाही. डेंग्यूत तो खराही असतो. म्हणून पट्टी बघावीच लागते.

`Blasts?` हा इशारा याहून गंभीर. रक्तात अपरिपक्व पेशी, म्हणजे कदाचित ल्युकेमिया, असल्याचा संशय त्यात असतो. तिथे अनुभवी डोळ्यांनी पट्टी तपासल्याशिवाय रिपोर्ट देऊ नये. पहिल्यांदाच प्लेटलेट १ लाखाखाली किंवा पांढऱ्या पेशी ४ हजारांखाली आल्या, तर फ्लॅग नसला तरी पट्टी बघावी, असं आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते.

ज्यांच्या प्लेटलेट ईडीटीएत चिकटतात, त्यांनी तशी नोंद रिपोर्टवर मागून घ्यावी आणि पुढच्या वेळी रक्त देण्याआधीच ती दाखवावी.